मोजपट्टी बदलली, दोष मात्र मुलाचा

दहावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगार वसाहतींत दोन निकाल जाहीर होतात. पहिला मंडळाचा असतो. तो गुणपत्रिकेवर छापलेला असतो आणि त्याबद्दल वाद नसतो. दुसरा निकाल त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या फोनवरून लागतो. आतेभावाला किती, मामेबहिणीला किती, गावाकडच्या चुलतभावाला किती, याची विचारपूस होते आणि आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. या दुसऱ्या निकालात मूल नापास होत नाही, आईबाप नापास होतात. ‘आपलेच काही चुकले’ हा शेरा ते स्वतःच स्वतःच्या नावापुढे लिहितात, आणि त्याची फेरतपासणी करून मागण्याची सोय कोठेही नसते.

या शेऱ्याला आधार किती, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. चार मुलांचे चार आकडे शेजारी ठेवले म्हणजे तुलना झाली, असे आपण धरून चालतो. ते आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत की नाहीत, हा प्रश्न बाजारात कापड घेताना आपण विचारतो; मुलांच्या बाबतीत विचारत नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे कुटुंब कोणा एकाचे नव्हे. या पट्ट्यातल्या शेकडो घरांत जे आढळते ते एकत्र करून उभे केलेले आहे. मूळ गाव लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात. तीन भाऊ आणि एक बहीण. थोरला भाऊ आयटीआय करून पिंपरीत आला आणि 1991 मध्ये एका मोठ्या वाहन कारखान्यात कायम झाला. मधला गावाकडेच राहिला, लातूरजवळच्या शाळेत शिक्षक आहे. धाकटा 2001 मध्ये भोसरीला आला, काही वर्षे लहान वर्कशॉपांत राबला आणि 2010 पासून चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करीत आहे. राहतो चिखलीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. बहीण वाकडला असते. तिचे यजमान संगणकाच्या कंपनीत आहेत आणि मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकला.

आता मुले पाहा. थोरल्याची मुलगी 2018 मध्ये दहावी झाली, 86 टक्के. धाकट्याचा मुलगा 2019 मध्ये, 71 टक्के. त्याच वर्षी आतेभावाला केंद्रीय मंडळात 84 टक्के. मधल्या भावाचा मुलगा 2020 मध्ये, 89 टक्के. म्हणजे सर्वांत मागे चिखलीचा मुलगा. त्याच्या बापाचे दुःख नुसत्या आकड्याचे नाही. मुलाचे शिक्षण व्हावे म्हणूनच त्याने गाव सोडले होते, आणि गावात राहिलेल्या भावाचा मुलगा पुढे निघून गेला. मग गाव सोडले ते कशासाठी, हा प्रश्न त्याला रात्रपाळीतही सोडीत नाही.

एका वर्षाचा फरक

राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के लागला. 2019 मध्ये तो 77.10 टक्क्यांवर उतरला आणि 2020 मध्ये 95.30 टक्क्यांवर चढला. शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी 2018 मध्ये 125 होते, 2019 मध्ये अवघे 20 राहिले आणि 2020 मध्ये 242 झाले. महाराष्ट्रातली मुले एका वर्षासाठी मंदबुद्धी झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती मोजपट्टी.

झाले ते असे. 2018 पर्यंत भाषांसारख्या विषयांत 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुण शाळेने आपल्या स्तरावर तोंडी परीक्षेचे द्यायचे, अशी पद्धत होती. शाळा हे गुण सढळ हाताने देत. विसापैकी सतरा-अठरा ही सर्वसाधारण गोष्ट होती. 2018-19 मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि त्याबरोबर भाषा व सामाजिक शास्त्रे यांतले शाळेच्या हातचे गुण काढून टाकण्यात आले. या विषयांची लेखी परीक्षा पूर्ण शंभर गुणांची झाली. निकाल कोसळला, ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी 80 व 20 ची विभागणी परत आली. म्हणजे मार्च 2019 च्या मुलांना एका बाजूने नवा अभ्यासक्रम आणि दुसऱ्या बाजूने शाळेच्या गुणांचा आधार नाही, अशा दुहेरी अडचणीतून जावे लागले. केंद्रीय मंडळाच्या शाळांत मात्र त्याही वर्षी प्रत्येक मुख्य विषयात शाळेचे 20 गुण होतेच.

या फरकाची किंमत किती, ते चिखलीच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर मांडून पाहता येते. त्याला मराठीत 74, हिंदीत 66, इंग्रजीत 58, गणितात 71, विज्ञानात 76 आणि सामाजिक शास्त्रांत 68 गुण होते. सहांपैकी सर्वोत्तम पाच विषय धरायचे, म्हणून इंग्रजी वगळले की बेरीज 355 येते, म्हणजे पाचशेपैकी 71 टक्के. आता हाच मुलगा याच तयारीने 2020 मध्ये बसला असता, असे समजू. मराठीत त्याला ऐंशीपैकी 59 पडले असते आणि शाळेने 18 दिले असते, एकूण 77. हिंदीत 53 आणि 18, एकूण 71. सामाजिक शास्त्रांत 54 आणि 18, एकूण 72. गणित व विज्ञान यांत फरक नाही. बेरीज 367, म्हणजे 73.4 टक्के.

फरक सव्वादोन-अडीच टक्क्यांचा आला. हा आकडा लहान वाटेल आणि तो लहानच आहे. तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. चुलतभावाच्या आणि त्याच्या गुणांत जे अठरा टक्क्यांचे अंतर आहे, त्यातले एवढेच परीक्षापद्धतीच्या हिशेबात जाते. मात्र काठावरच्या मुलाचे गणित करून पाहिले की चित्र बदलते. इंग्रजीच्या शंभर गुणांच्या लेखी परीक्षेत 30 मिळविणारा मुलगा 2019 मध्ये नापास होता, कारण उत्तीर्ण होण्यास 35 लागतात. त्याच तयारीने त्याला ऐंशीपैकी 24 पडले असते, शाळेने 16 दिले असते आणि 40 गुणांनी तो सुखरूप पास झाला असता. निकालात बारा टक्क्यांची घसरण दिसली तिचे मोठे कारण या काठावर होते. ज्या घरात एक मुलगा 2019 मध्ये नापास झाला आणि त्याचा चुलतभाऊ 2020 मध्ये पास झाला, त्या घरात ‘तो अभ्यास करणारा आणि हा उनाड’ असा कायमचा शिक्का बसला असेल, तर तो बहुधा वर्षाचा शिक्का होता, मुलाचा नव्हे.

त्याच्या पुढच्या वर्षाची कथा याहून वेगळी. 2021 मध्ये साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला पन्नास गुण आणि दहावीच्या वर्षातील शाळेच्या मूल्यमापनाला पन्नास गुण देऊन निकाल तयार झाला, तो 99.95 टक्के लागला. 2018 ते 2021 या चार वर्षांत दहावी झालेली चार भावंडे म्हणजे जवळजवळ चार निरनिराळ्या परीक्षांना बसलेली भावंडे होत.

सरकारलाही न सुटलेले कोडे

दोन मंडळांच्या मुलांना एका मापाने मोजण्याचा प्रयत्न खुद्द महाराष्ट्र शासनाने तीन वेळा केला. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतात, अशी तक्रार होती. म्हणून 2008 मध्ये प्रत्येक मुलाचे गुण त्याच्या मंडळातल्या वरच्या मुलांच्या गुणांशी ताडून पाहण्याचे सूत्र काढण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात ते टिकले नाही. 2009 मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठी राखण्याचा निर्णय झाला. तोही न्यायालयाने रद्द ठरविला. 2010 मध्ये सर्वोत्तम पाच विषय धरण्याची पद्धत आली. उच्च न्यायालयाने ती फेटाळली, परंतु सर्वोच्च न्यायालयात ती टिकली आणि आज चालू आहे ती तीच.

शिक्षण खाते, त्याचे तज्ज्ञ, वकील आणि न्यायमूर्ती यांना तीन वर्षे ज्या प्रश्नाने सतावले, त्याचा निकाल आपल्या दिवाणखान्यात चहाचा कप संपण्याच्या आत लागतो. केंद्रीय मंडळाचे 84 आणि राज्य मंडळाचे 71 यांत तेराचा फरक आहे, हे वजाबाकी म्हणून खरे आहे. त्या तेराला अर्थ काय, हे मात्र वजाबाकी सांगत नाही.

बापाच्या नोकरीचे साल

परीक्षेच्या वर्षाने अडीच टक्क्यांचा हिशेब लागला. उरलेले पंधरा टक्के कोठून आले? त्यातला काही भाग मुलाचा स्वतःचा असेल. त्याकडे पुढे येऊ. परंतु बराच मोठा भाग दुसऱ्या एका वर्षाचा आहे, आणि ते वर्ष म्हणजे बाप कामावर लागला ते साल.

पिंपरीची औद्योगिक वसाहत 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून वाढत गेली. पुढे टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघाले आणि निगडी-आकुर्डीच्या बाजूला कामगाराला परवडेल असे घर किंवा भूखंड मिळण्याची शक्यता निर्माण झाली. या काळात आयटीआय करून मोठ्या कारखान्यात शिरलेला तरुण काही वर्षांत कायम होई. संघटनेच्या करारानुसार वेतन वाढे, कारखान्याची बस दारापाशी येई, कर्ज मिळे. थोरला भाऊ या प्रवाहाच्या शेवटच्या लाटेत किनाऱ्याला लागला.

चाकणची मोठी वाढ त्यानंतरची. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला, महिंद्रचा 2010 मध्ये, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या उद्योगांची गर्दी झाली. काम पुष्कळ निर्माण झाले, पण नव्याने आलेल्यांतल्या फार मोठ्या भागाला ते ठेकेदारामार्फत मिळाले. ठेका संपला की काम संपते, दुसऱ्या ठेकेदाराकडे नाव लागेपर्यंत घरभाडे मात्र थांबत नाही. धाकटा भाऊ थोरल्याइतकाच कुशल आहे, कदाचित अधिक कष्टाळू आहे. दोघांत अंतर आहे ते दहा वर्षांचे. थोरल्याच्या मुलीने बालवाडी ते दहावी एकाच शाळेत काढली. धाकट्याच्या मुलाने खोली बदलली तशी भोसरी, मोशी आणि चिखली अशा तीन शाळा बदलल्या. तिसऱ्या शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून होते, पहिल्या दोन शाळांत मराठीतून. आठवीच्या वर्गात बसल्यावर त्याला ‘लघुकोन’ येत होता, पण फळ्यावर लिहिलेला इंग्रजी शब्द म्हणजे तोच, हे कळायला सहामाही गेली.

यावर पाळ्यांची भर पडते. पहिली पाळी साधारणतः सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी मध्यरात्रीपर्यंत आणि तिसरी तेथून सकाळपर्यंत. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाप दुपारी दीड-दोनला घर सोडतो. मूल शाळेतून येते तेव्हा तो यंत्रावर असतो. चाकणच्या चौकातली वाहनांची रांग ओलांडून तो रात्री एक वाजता घरी येतो, तेव्हा मूल झोपलेले असते. निदान सुट्टीच्या दिवशी भेट व्हावी, तर या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. तीन आठवड्यांच्या फेऱ्यात एक आठवडा असा जातो की बापलेकांची संध्याकाळची भेट फक्त गुरुवारी होते.

गावाकडच्या मधल्या भावाकडे पैसा बेताचाच आहे. परंतु तो रोज साडेपाचला घरी असतो आणि व्यवसायाने शिक्षक आहे. त्याच्या मुलाला गणित अडले तर ते त्याच संध्याकाळी सुटते. चिखलीच्या मुलाचे अडलेले गणित गुरुवारची वाट पाहते, आणि गुरुवारी बापाला ते येत असेलच असे नाही. आठवड्यात एक गणित असे मागे पडले तरी दोन वर्षांत शंभर होतात. गाव सोडण्याचा निर्णय चुकला, असा याचा अर्थ नाही. त्या निर्णयाने घराला रोजगार दिला आणि वेळ नेला, एवढाच आहे. हा व्यवहार डोळ्यांसमोर ठेवला तर बापाला स्वतःला दोष देण्याऐवजी निश्चित काय कमी पडले ते तरी सांगता येते.

सात नातवंडांचे गणित

आता तुलनेच्या आणखी एका फसगतीकडे वळू. या कुटुंबात नातवंडे एकूण सात आहेत. समजा, सातही मुले गुणवत्तेने अगदी सारखी आहेत आणि पुढे कोण जाणार हे केवळ योगायोगाने ठरते. तरीही कोणत्याही एका बाबतीत आपले मूल पहिले येण्याची शक्यता सातांत एक. मग आपण चार बाबी पाहू लागतो: अभ्यास, खेळ, बोलण्याची चुणूक, मोठ्यांशी वागणे. चारही बाबी एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर एकाही बाबतीत आपले मूल पहिले न येण्याची शक्यता काढता येते. सातांतले सहा, हे चार वेळा गुणायचे. उत्तर 54 टक्के येते. म्हणजे पूर्णपणे समान मुलांच्या कुटुंबातही निम्म्याहून अधिक आईबापांच्या पदरात ‘आपले मूल कशातच पहिले नाही’ हा अनुभव पडणारच. त्यात मुलाचा दोष नाही आणि संगोपनाचाही नाही.

घरात मात्र तुलना अशीच होते. अभ्यासात लातूरच्या चुलतभावाशी, खेळात मामेभावाशी, बोलण्यात वाकडच्या आतेभावाशी. मराठीने चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार नाती वेगळी ओळखली आहेत. तुलना करताना आपण त्या सर्वांतले उत्तम तेवढे उचलून एक काल्पनिक भाऊ तयार करतो आणि आपल्या खऱ्या मुलाला त्याच्याशी झुंजायला लावतो. फोनवरून येणाऱ्या बातम्याही निवडक असतात. 89 टक्क्यांचा पेढा सात घरी जातो. पुढे अकरावीत तोच मुलगा दोन विषयांत गडगडला, तर ते सात घरी कळत नाही.

शिखर आणि सरासरी यांत किती अंतर असते, हे 2019 च्या निकालाने दाखवून दिले होते. शंभर टक्के मिळविलेल्या 20 विद्यार्थ्यांपैकी 16 एकट्या लातूर विभागाचे होते. ते वाचून पुणे विभागातल्या अनेक आईबापांना आपण मुलांसाठी चुकीच्या शहरात आलो असे वाटले असेल. परंतु त्याच वर्षी उत्तीर्णांचे प्रमाण लातूर विभागात 72.87 टक्के होते आणि पुणे विभागात 82.48. शिखरे लातूरची उंच होती, जमीन पुण्याची. चिखलीच्या बापाने शिखराशी तुलना केली. त्याचा मुलगा जमिनीवर चालणाऱ्या लाखो मुलांपैकी एक होता आणि त्यांच्यात तो मागे नव्हता.

तुलना सोडावी की राखावी

एवढे झाल्यावर तुलनाच करू नये असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो घातक ठरेल. ‘प्रत्येक मूल वेगळे’ या वाक्याच्या आड काही मुलांची खरी अडचण वर्षानुवर्षे दडून राहते. भावंडांची तुलना निकाल म्हणून टाकाऊ असली तरी खूण म्हणून कधी कधी उपयोगी पडते. प्रश्न आहे तो खूण ओळखण्याचा.

पहिली कसोटी मुलाच्या स्वतःच्या वह्यांची. गेल्या वर्षीची आणि यंदाची वही शेजारी ठेवावी. त्याच प्रकारची चूक तशीच राहिली आहे की नवी चूक होते आहे, हे पाहावे. नवी चूक होत असेल तर मूल पुढे सरकते आहे, मग भाऊ कितीही पुढे असो. तीच चूक दोन वर्षे टिकून असेल, उदाहरणार्थ अपूर्णांकांची बेरीज करताना अंश आणि छेद यांची सरळ बेरीज करणे, तर अडचण तेथे आहे. ती चौथी-पाचवीत राहिलेली अडचण असते, आणि दहावीच्या शिकवणीवर खर्च करून ती निघत नाही. चिखलीच्या मुलाच्या वह्यांत बीजगणित ठीक होते, घसरण होती ती शाब्दिक उदाहरणांत. गणित कच्चे नव्हते. इंग्रजीतला प्रश्न वाचण्यात तो अडखळत होता. तीन शाळांचा इतिहास त्या पानांवर उतरला होता.

दुसरी कसोटी तोंड आणि लेखणी यांतल्या अंतराची. धड्यावरचे प्रश्न तोंडी विचारले असता मूल नीट उत्तर देते, पण तेच लिहिताना अक्षरे उलटसुलट होतात, जोडाक्षरे गळतात, ओळ सुटते, आणि हे तिसरी-चौथीनंतरही चालू राहते, तर तो आळस समजू नये. ती अध्ययन-अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश झालेला आहे, आणि शासनमान्य रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ही तपासणी दहावीच्या फेब्रुवारीत आठवली तर उशीर झालेला असतो. अशा मुलाच्या बाबतीत चुलतभावाशी झालेली तुलनाच पुष्कळदा पहिली खूण देते. तो चौथीत वर्तमानपत्र वाचतो आणि हा अजून अक्षरे जुळवितो, हे प्रथम नजरेस येते ते सुट्टीत गावाकडे सारी मुले एकत्र जमल्यावर. त्या खुणेचे पुढे काय होते, यावर सारे अवलंबून आहे. ती टोमणा होऊन मुलाच्या कानावर गेली तर वाया जाते. तपासणी होऊन त्याच्या उपयोगी आली तर तिचे मोल फार मोठे आहे.

या दोन्ही कसोट्यांना भावंडांचे टक्के लागत नाहीत. लागतो तो थोडा वेळ, आणि नेमका तोच पाळीच्या नोकरीत दुर्मिळ. म्हणून वह्या पाहण्याचे काम महिन्यातून एका गुरुवारी, मूल शाळेत असतानाही करता येते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते काम बापाला न जमले तर आईला जमेल. तिलाही न जमले तर वर्गशिक्षकांना ‘किती टक्के पडतील’ याऐवजी ‘कोणती चूक पुन्हा पुन्हा होते’ असे विचारता येईल. पहिल्या प्रश्नावर शिक्षक अंदाज सांगतात. दुसऱ्यावर त्यांना वही उघडावी लागते.

आणि नातेवाइकांचा फोन आलाच, आकडे शेजारी शेजारी मांडले गेलेच, तर निदान त्यांच्यापुढे आणखी तीन रकाने आखावेत: परीक्षा कोणत्या वर्षाची, मंडळ कोणते, आणि संध्याकाळी मुलाजवळ बसायला घरात कोण होते. हे रकाने भरल्यावर चिखलीच्या मुलाचे 71 टक्के 89 होत नाहीत. त्याला इंग्रजीतून प्रश्न वाचण्याचा सराव हवा आहे, ही गोष्टही बदलत नाही. ती आता निदान दिसते. बदलतो तो आईबापांनी स्वतःवर मारलेला शेरा. गुणपत्रिकेवर मुलाचे नाव असते, आईचे नाव असते, शाळेचा क्रमांक असतो. बाप कोणत्या साली आणि कोणाच्या हजेरीपटावर कामाला लागला, याची नोंद तीवर नसते. ती नोंद वाचल्याशिवाय लावलेला निकाल राखून ठेवणेच योग्य.